वरण-भाताचा नकाशा: जेवणात चोखंदळ मुलं असतील तर सहलीची आखणी कशी करावी

आमचा धाकटा पाच वर्षांचा आहे, थोरली नऊची. धाकट्याला पांढरा मऊ भात लागतो, त्यावर साधं वरण, तूप, आणि ताटात दुसरं काहीही त्याला चिकटलेलं चालत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही केरळला गेलो तेव्हा याचा विचारच केला नव्हता. तिथे भात मिळतोच, मग काळजी कसली, असं वाटलं होतं. पहिल्याच दुपारी हॉटेलात जाड, लालसर मट्टा तांदळाचा भात समोर आला. धाकट्याने एक शीत तोंडात घालून बाहेर काढलं आणि पुढचे दोन दिवस बिस्किटं नि केळी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी घाटात गाडी लागली तेव्हा पोटात बाहेर पडायलाही फारसं काही नव्हतं.

भात तिथे होता, पण तो त्याचा भात नव्हता. चोखंदळ मूल पदार्थाचं नाव बघत नाही. रंग, मऊपणा, वास, गरमपणा आणि कशात काय मिसळलंय हे बघतं. दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाबद्दलची ही भीती सगळ्यात जास्त असते. एखादा नवा पदार्थ मुलाने मनापासून खाण्याआधी तो अनेकदा, साधारण आठ-दहा वेळा तरी, न दटावता समोर यावा लागतो. सहलीच्या पाच दिवसांत हे होत नाही, म्हणून सहलीत नवं खायला शिकवायचं नाही. ओळखीचं खाणं कुठे, किती वाजता आणि कोणत्या रूपात मिळेल ते आधी शोधायचं आणि सहल त्याच्याभोवती रचायची. पुढे जे सांगतोय ते गेल्या डिसेंबरातल्या आमच्या म्हैसूरच्या सहलीवरून.

पहिली पायरी: आठवडाभराची वही

निघायच्या दीड-दोन महिने आधी एक आठवडा मूल खरोखर काय खातं ते लिहून काढा. आपल्याला वाटतं ते आणि खातं ते यांत बराच फरक असतो. मी तीन रकाने केले: नक्की खातो, भूक असेल तर खातो, तोंडात घालत नाही. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक पदार्थापुढे तो कसा हवा तेही लिहिलं. आमच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या:

वरण-भात: बारीक पांढरा तांदूळ, मऊ, वरणात हिंग-हळद चालते, फोडणी नाही, मिरची-कोथिंबीर दिसली तर नाही.
दही-भात: दही गोड हवं, फोडणीशिवाय.
डोसा: कुरकुरीत, भाजी न भरलेला, पट्ट्या कापून. चटणी शेजारी नको.
पोळी: तूप-साखर लावून, गार झाली तरी चालते.
उकडलेलं अंडं: फक्त पांढरा भाग.

आठवडा संपला तेव्हा कळलं की त्याचे नक्की खायचे पदार्थ सातच आहेत आणि त्यांतले पाच पांढरे नि सौम्य आहेत. थोरलीची यादी लांब होती, तिची अडचण फक्त तिखटाची. हे कागदावर आलं तेव्हा कुठे जायचं याचं निम्मं उत्तर मिळालं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. यादीत पाचपेक्षा कमी पदार्थ असतील, मुलाचं वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, गिळताना वरचेवर ठसका लागत असेल किंवा पूर्वी खात असलेले पदार्थ एकेक करून सुटत असतील, तर सहल बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो चोखंदळपणाच्या पलीकडचा प्रश्न असू शकतो.

दुसरी पायरी: ठिकाण निवडणं

प्रत्येक ठिकाणाला मी एकच कसोटी लावली. राहण्याच्या जागेपासून दहा मिनिटांच्या चालीत, साध्या हॉटेलात, सकाळ-दुपार-रात्र या तिन्ही वेळांना यादीतले निदान दोन पदार्थ मिळतील का? एक पुरत नाही, कारण एखाद्या दिवशी तो संपलेला असतो किंवा मुलाचं मन फिरतं.

या कसोटीवर राजस्थान आमच्यासाठी मागे पडलं. दाल-बाटी, गट्टे, कढी सगळं छान आहे, पण तिखट आणि मसालेदार. फुलका-दही मिळतं, तेवढ्यावर धाकट्याचे पाच दिवस निघाले नसते. हिमाचलात पराठा सगळीकडे मिळतो, पण गाडीतले तास फार आणि त्याला घाट सोसत नाही. केरळला खरं तर मी आता पुन्हा नेईन, कारण अप्पम आणि इडियप्पम हे दोन्ही पांढरे, मऊ आणि बिनतिखट आहेत. पांढरा भात वेगळा मागावा लागतो आणि खोबरेल तेलाच्या वासाची घरी थोडी सवय करावी लागते, तेवढं तेव्हा माहीत असतं तर ती सहल वाचली असती.

कर्नाटक निवडताना एक सापळा टाळायचा होता. अख्ख्या राज्याचं जेवण एकसारखं नसतं. हुबळी-धारवाड, विजापूरकडे ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, म्हणजे आपल्या सोलापूरच्या अंगाने जाणारं तिखट जेवण. खाली म्हैसूरकडे मात्र इडली, डोसा, दही-भात आणि किंचित गूळ पडलेलं सांबार. त्यामुळे हंपी मनात असूनही बाजूला ठेवली. ती थोरली बारा वर्षांची होईल तेव्हा.

ठिकाण ठरलं की हॉटेलांचं मेन्यूकार्ड बघण्यापेक्षा नकाशावर लोकांनी टाकलेले ताटांचे फोटो बघा. भात पांढरा आहे की लाल, डोसा जाळीदार मऊ आहे की कुरकुरीत, चटणी ताटात वेगळ्या वाटीत येते की डोशावरच, हे फोटोत लगेच दिसतं. बायकोने एका संध्याकाळी असे शंभरेक फोटो पाहून चार हॉटेलं निवडली. त्यांतली तीन बरोबर निघाली.

तिसरी पायरी: एकच मुक्काम

सहा दिवसांत तीन गावं करण्याचा मोह सोडा. प्रत्येक नवीन गावात पहिलं जेवण शोधण्यात नव्याने दमायला होतं, आणि मूल सगळ्यात जास्त हट्ट करतं ते त्या पहिल्या जेवणाला. आम्ही कूर्ग वगळून चारही रात्री म्हैसूरलाच राहिलो. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या हॉटेलातला वाढपी धाकट्याला ओळखायला लागला आणि ओळखीचं खाणं ओळखीच्या माणसाच्या हातून यायला लागलं. त्याचा परिणाम मी आधी धरलाच नव्हता.

खोली घेताना फोनवर चार गोष्टी विचारा. नाश्ता किती वाजता सुरू होतो? मुलासाठी साधा भात नि वरण, फोडणीशिवाय, करून देता का? खोलीत छोटा विजेचा कुकर लावू देता का? आणि फ्रीज आहे का? कुकरला बरीच हॉटेलं नाही म्हणतात, आणि न सांगता लावणं धोक्याचं आहे. आम्ही घरगुती मुक्काम घेतला, तिथे स्वयंपाकघर वापरायला मिळालं. हॉटेलातच राहायचं असेल तर किमान गरम पाण्याची सोय असावी. मात्र हॉटेलच्या किटलीत दूध किंवा खिचडी शिजवू नका. तळ करपतो आणि वास राहतो.

चौथी पायरी: बरोबर काय न्यायचं

इथे हात आखडता घ्या. सगळं घरचंच नेलं तर मूल बाहेरचं ओळखीचं खाणंही खात नाही. मी फक्त आडव्या वेळेपुरतं नेतो: मेतकूट, तुपाची छोटी बरणी, राजगिऱ्याचे लाडू, खाकरे, आणि मऊ भाताची भरड.

ही भरड अशी करायची. एक वाटी बारीक तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ धुऊन, कापडावर पसरून पूर्ण कोरडी करा. मंद आचेवर तांदूळ हाताला चटका लागेल इतके गरम होईपर्यंत भाजा, रंग बदलू द्यायचा नाही. गार झाल्यावर मिक्सरमधून रव्यासारखी जाडसर काढा आणि पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, अर्धा चमचा मीठ मिसळून डब्यात भरा. लागेल तेव्हा अर्धी वाटी भरड दोन वाट्या पाण्यात घालून ढवळत शिजवा, दहा मिनिटांत मऊ होते. वरून तूप नि मेतकूट. भरडीत ओल राहिली तर चार दिवसांत कुबट वास येतो, म्हणून निघायच्या आधी घरी एकदा करून बघा. मुलालाही ती घरच्या ताटात आधी दोनदा भेटलेली असू दे.

रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटवर किटली किंवा कुकर लावायला परवानगी नसते. गाडीतलं जेवण घरून शिजवूनच न्यायचं.

पाचवी पायरी: दिवस जेवणाच्या वेळांना बांधणं

दक्षिणेत पहिल्यांदा जाणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. बऱ्याच हॉटेलांत डोसा दिवसभर मिळत नाही. इडली-डोसा म्हणजे टिफिन, ते सकाळी. साधारण बारा ते तीन ‘मील्स’, म्हणजे भाताचं ताट. मग स्वयंपाकघर थोडं थंडावतं आणि साडेतीन-चारला टिफिन परत सुरू होतं. आपण महाल बघून अडीचला हॉटेलात शिरायचं, मुलाने डोसा मागायचा आणि वाढप्याने मान हलवायची, हे रडारडीचं हमखास कारण. त्यामुळे आम्ही ठरवूनच टाकलं: सकाळी डोसा किंवा इडली, दुपारी बाराच्या ठोक्याला भात, साडेचारला परत डोसा, रात्री घरी मऊ भात.

वार कसे लावले तेही सांगतो. गुरुवारी दुपारी पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने निघालो, रात्रीसाठी तूप-साखर पोळ्या आणि दशम्या होत्या. शुक्रवारी सकाळी बंगळूर, स्टेशनाजवळ इडली, मग म्हैसूरची गाडी. वाटेत मद्दूरला डब्यात मद्दूर वडे येतात, कांदा घातलेले, चपटे, खुसखुशीत. थोरलीने दोन खाल्ले, धाकट्याने कडेचा तुकडा मोडून वास घेतला आणि परत दिला. तेवढं पुरे. त्या दिवशी दुसरं काही ठेवलं नाही, फक्त राहायच्या जागेजवळचं हॉटेल शोधून तिथे जेवलो.

शनिवारी प्राणिसंग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं, हे आखणीत आधीच धरा. आत बरीच चाल आहे, म्हणून सकाळी उघडतानाच गेलो आणि साडेअकराला बाहेर पडलो. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला म्हैसूरचा राजवाडा दिव्यांनी उजळतो. ती नेमकी मुलांची भुकेची वेळ, आणि बघायला येणाऱ्यांची गर्दी उसळल्यावर जवळच्या हॉटेलात जागाही मिळत नाही. आम्ही साडेपाचला डोसा खाऊन घेतला आणि मग निवांत उभे राहिलो. दिवे एकदम लागले तेव्हा धाकटा माझ्या खांद्यावर होता आणि पोट भरलेलं असल्यामुळे शेवटपर्यंत खांद्यावरच राहिला. सोमवारी सोमनाथपूर. होयसळांचं तेराव्या शतकातलं केशव मंदिर, म्हैसूरहून गाडीने तासाभराच्या आसपास. तिथे जेवणाची सोय मोजकी आहे, म्हणून नाश्ता करून निघालो आणि बाराच्या सुमाराला म्हैसूरला परत. मंगळवारी निघालो.

एका दिवसाला एकच मोठं ठिकाण. दुपारी तास-दीड तास खोलीवर. हे मोठ्यांना कमी वाटतं, पण थकलेलं मूल ओळखीचंसुद्धा खात नाही.

सहावी पायरी: ऑर्डर देणं

म्हैसूरच्या हॉटेलात आपण मराठी माणसं शब्दांनी फसतो. ‘खारा’ म्हणजे कन्नडमध्ये तिखट. खाराबात म्हणजे मिरची घातलेला उपमा, खारट भात नव्हे. केसरीबात म्हणजे गोड शिरा, तो बहुतेक मुलांना चालतो. बिसीबेळे बात दिसायला आपल्या डाळ-खिचडीसारखा, पण मसाला भरपूर. चित्रान्नात मिरची आणि शेंगदाणे असतात.

मोठी फसगत मसाला डोशाची. म्हैसूर मसाला डोशाला आतून लसणाची लाल चटणी लावलेली असते आणि ती घडी उलगडेपर्यंत दिसत नाही. शुक्रवारी मी घाईत ‘एक मसाला, भाजी वेगळी’ असं सांगितलं. डोसा आला, भाजी वेगळी आली, धाकट्याने पट्टी तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी. त्यानंतर तो डोसा या शब्दालाच घाबरला आणि शनिवारची सकाळ इडलीवर भागवावी लागली. साधा डोसाच मागा, आणि आल्यावर मुलाला द्यायच्या आधी उलगडून बघा. सेट डोसा आणि म्हैसूरचा मैलारी डोसा मऊ असतात. कुरकुरीत आवडणाऱ्या मुलाला ते वेगळेच पदार्थ वाटतील, उलट पोळी-घावन खाणाऱ्याला तेच आवडतील. तुमच्या वहीत काय लिहिलंय ते बघून ठरवा.

दोन वाक्यं पाठ करून ठेवा. ‘मक्कळिगे, खारा बेडा’ म्हणजे मुलांसाठी आहे, तिखट नको. ‘ओग्गरणे बेडा’ म्हणजे फोडणी नको. दही-भाताला तिथे मोसरन्ना म्हणतात, पण तो आधीच मिरची-आलं-मोहरीची फोडणी घालून कालवलेला असतो. त्यापेक्षा अन्ना म्हणजे भात आणि मोसरु म्हणजे दही असं वेगवेगळं मागवा आणि टेबलावर आपण कालवा. तुप्पा म्हणजे तूप, मागितलं की बहुतेक ठिकाणी मिळतं. मुलाचं ताट आपल्या ताटांच्या दहा मिनिटं आधी यायला सांगा.

टेबलावर आमचा नियम एवढाच होता: त्याच्या ताटात ओळखीचं, आमच्या ताटात नवं, आणि हवं असेल तर त्याने हात घालावा. ‘एकच घास’ असं कुणी म्हणायचं नाही, आजीनेसुद्धा नाही. आई फोनवर रोज विचारायची, काय खाल्लं रे त्याने? तिला मी निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की मुलाच्या हातात फोन गेला की हा प्रश्न नाही.

काय बिघडू शकतं

भूक कमी झाली तर घाबरू नका, दोन दिवस थोडं कमी खाल्लं तरी पाणी पीत असेल आणि खेळत असेल तर चालतं. लघवी कमी होणं, गडद पिवळी होणं, मूल मलूल पडणं ही मात्र थांबून बघायची लक्षणं आहेत.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो बद्धकोष्ठाचा, आणि तो कुणी आखणीत धरत नाही. पांढरा भात, डोसा, दूध आणि प्रवासात टाळलेलं पाणी असं तीन दिवस चाललं की चौथ्या दिवशी मूल जेवायलाच नाही म्हणतं. आपल्याला वाटतं नखरे, असतं पोट घट्ट. पहिल्या दिवसापासून रोज एक-दोन केळी द्या. तिथे एलक्की म्हणजे आपली वेलची केळी गल्लोगल्ली मिळतात आणि घरासारखीच लागतात. सकाळी नाश्त्यानंतर दहा मिनिटं शौचाला निवांत बसायला ठेवूनच बाहेर पडा. पाण्याची चव बदलली म्हणून मूल पीत नसेल तर घरची बाटली आणि घरचाच पेला न्या. धाकटा शहाळं पिईल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण थोरलीच्या शहाळ्यातली मलई त्याने खाल्ली, चमच्याने, स्वतः मागून.

परतीचा डबा

रात्रीच्या गाडीसाठी हॉटेलातून दही-भात बांधून घेतला तर सकाळपर्यंत आंबट होतो आणि चोखंदळ मूल तो नाकारतं. आम्ही मंगळवारी सकाळी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात केला. एक वाटी तांदळाचा मऊ भात गरम असतानाच घोटला, त्यात दीड वाटी तापवलेलं दूध आणि मीठ घातलं, कोमट झाल्यावर दोन चमचेच ताजं दही मिसळलं. दूध डब्यातच हळूहळू विरजतं आणि संध्याकाळी भात गोडसर, सैल राहतो. सकाळी नऊला भरलेला डबा थंडीच्या दिवसांत रात्री आठपर्यंत चांगला राहिला. उन्हाळ्यात मी सहा तासांच्या पुढे ठेवणार नाही, तेव्हा पोळ्याच बऱ्या. बाईंनी भातावर डाळिंबाचे दाणे टाकायला दिले. ते मी वेगळ्या पुडीत बांधले, आणि बंगळूर सोडल्यावर धाकट्याने एकेक दाणा मोजून खाल्ला, भाताच्या शेजारी, भातात नाही. घरी आल्यावर वहीतल्या पहिल्या रकान्यात आठवी ओळ लिहिली: डाळिंबाचे दाणे, वेगळे.